गच्चीवर वायरलेस इंटरनेटचा अँटेना बसवताय? दिशा, केबल आणि अर्थिंग यांचं गणित समजून घ्या

ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबर येते, पण तिथून चार-पाच किलोमीटरवरच्या वाडीपर्यंत येत नाही. मध्ये ओढा असतो, वनखात्याची जमीन असते किंवा दहा घरांसाठी खांब टाकणं कुणालाच परवडत नाही. अशा ठिकाणी स्थानिक इंटरनेट सेवादार जवळच्या टेकडीवर एक टॉवर उभा करतो आणि घरांच्या गच्चीवर लहान डिशसारखा अँटेना बसवून देतो. घरापर्यंतचा शेवटचा टप्पा तारेऐवजी हवेतून पार होतो. यालाच फिक्स्ड वायरलेस ब्रॉडबँड म्हणतात.

२०२३ मध्ये जिओ आणि एअरटेल यांनी ‘एअरफायबर’ या नावाने आणलेल्या सेवांमागचं तत्त्वही हेच आहे. फक्त त्या कंपन्या मुख्यतः स्वतःचं ५जी नेटवर्क वापरतात. गावोगावचे छोटे सेवादार बहुतेक वेळा ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरतात. त्यातल्या ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी २०१८ पासून भारतात स्वतंत्र परवाना लागत नाही.

हा अँटेना तासाभरात बसतो. पण एप्रिलमध्ये झकास चालणारं इंटरनेट जुलैमध्ये रडायला लागतं, किंवा वळवाच्या पहिल्याच गडगडाटात राउटर जळतो, अशा तक्रारीही नेहमीच्याच. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्या तासाभरात घेतलेल्या तीन निर्णयांमध्ये असतं: अँटेना किती उंच आणि कुठे रोखला, केबल कोणती आणि किती लांब टाकली आणि अर्थिंग कसं केलं. एक उदाहरण धरून हे तिन्ही पाहू.

टॉवर दिसतो, तरी सिग्नल का अडतो?

समजा, एक दुमजली घर आहे. गच्ची जमिनीपासून ६ मीटर उंच आहे. सेवादाराचा टॉवर ४ किलोमीटरवर टेकडीवर आहे आणि त्यावरचा अँटेना घराच्या जमिनीपेक्षा १५० मीटर उंचीवर आहे. घरापासून २०० मीटरवर सागाची रांग आहे, साधारण १३ मीटर उंच.

गच्चीवर १ मीटरचा पाइप लावला, तर अँटेना ७ मीटरवर येतो. तिथून टॉवरकडे सरळ रेघ ओढली, तर ती सागाच्या रांगेपाशी सुमारे १४ मीटर उंचीवरून जाते. म्हणजे शेंड्यांच्या वरून जेमतेम एक मीटर. डोळ्यांनी पाहिलं, तर टॉवर स्वच्छ दिसतो. बसवणारा म्हणतो, ‘लाइन क्लिअर आहे.’

पण रेडिओ लहरी दोऱ्यासारख्या एका रेघेतून जात नाहीत. त्यांना त्या रेघेभोवती लांबट फुग्याच्या आकाराची मोकळी जागा लागते. हा फुगा दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्यभागी सर्वांत जाड असतो. तंत्रज्ञ त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ४ किलोमीटरच्या अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झला मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे ७ मीटर असते. घरापासून २०० मीटरवर ती सुमारे ३ मीटर भरते. त्यातला किमान ६० टक्के भाग मोकळा असावा, हा या कामातला रूढ नियम आहे. म्हणजे सागाच्या शेंड्यांवर निदान १.९ मीटर मोकळी हवा हवी. आपल्याकडे आहे एक मीटर.

उपाय साधा आहे. १ मीटरऐवजी ३ मीटरचा पाइप लावला, की अँटेना ९ मीटरवर जातो आणि रेघ सागावरून १६ मीटरवरून जाते. आता फुग्याचा जवळपास सगळा भाग मोकळा राहतो आणि झाडं थोडी वाढली तरी जागा उरते. एवढ्या उंच पाइपला मात्र तीन बाजूंनी ताण-तारा द्याव्या लागतात. वाऱ्याने पाइप डुलला, तर अँटेनाची दिशाही डुलते.

इथे ऋतूचा मुद्दा कळीचा आहे. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. एप्रिल-मेमध्ये अँटेना बसवला, तर काड्यांमधून सिग्नल सहज पार होतो. जूननंतर त्याच झाडांना मोठाली पानं फुटतात, ती पावसाने ओली होतात आणि ओलं पान म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी जवळपास भिंतच. ‘पावसाने नेट गेलं’ असं आपण म्हणतो, पण इतक्या अंतरावर पावसाच्या धारांमुळे होणारी घट नगण्य असते. खरा अडथळा पानांचा असतो. म्हणून मोकळी जागा मोजताना झाड आज कसं दिसतं, यापेक्षा श्रावणात कसं दिसेल, हे पाहावं लागतं. सखल जमिनीवर, जिथे टॉवर फार उंच नसतो, तिथे उभ्या उसाचाही असाच विचार करावा लागतो.

अँटेना नेमका रोखायचा कसा?

डीटीएचची डिश आकाशाकडे तोंड करून असते. त्यामुळे हा अँटेनाही टेकडीच्या दिशेने बराच वर करावा लागेल, असं अनेकांना वाटतं. आपल्या उदाहरणात टॉवर १४१ मीटर वर आहे, पण ४००० मीटर दूर आहे. त्यामुळे कोन भरतो फक्त २ अंश. म्हणजे अँटेना जवळपास आडवाच बघतो.

आडवी दिशा आधी नकाशावर ठरवावी. मोबाइलमधल्या उपग्रह नकाशावर घर आणि टॉवर यांना जोडणारी रेघ काढायची आणि त्या रेघेवर येणारी एखादी ओळखीची खूण शोधायची: पाण्याची टाकी, देवळाचा कळस, वळणावरचं वडाचं झाड. गच्चीवरून त्या खुणेकडे अँटेना रोखायचा. मोबाइलमधल्या होकायंत्रावर इथे फार विसंबू नये. पत्र्याचं छप्पर, स्लॅबमधल्या सळया आणि खुद्द पाइप यांमुळे सुई सहज भरकटते.

यानंतरचं काम सिग्नलच्या आकड्यावर चालतं. अँटेनाच्या सेटिंगच्या पानावर हा आकडा डीबीएममध्ये दिसतो आणि तो उणे असतो. उणे ६० हा उणे ७० पेक्षा चांगला. तीन डीबीएमचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद दुप्पट किंवा निम्मी, दहाचा फरक म्हणजे दहापट.

आकडा किती यायला हवा, हे आधीच काढता येतं. टॉवर परवानगी असलेल्या कमाल ताकदीने, म्हणजे ३६ डीबीएमने, प्रक्षेपण करतो असं धरू. ४ किलोमीटरच्या मोकळ्या हवेत ५.८ गिगाहर्ट्झचा सिग्नल १२० डेसिबलने घटतो. घरावरची मध्यम आकाराची डिश त्यात २३ डेसिबलची भर घालते. ३६ वजा १२० अधिक २३, उत्तर येतं उणे ६१. प्रत्यक्षात उणे ६० ते उणे ६५ दिसलं, तर काम ठीक झालं.

हा हिशेब का करायचा? कारण डिशचा झोत एकच नसतो. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना अशक्त उपझोत असतात. बसवणारा डिश फिरवत जातो, एका जागी आकडा वाढतो, पुढे कमी होतो, त्याला वाटतं हीच जागा. पण तो उपझोतावर अडकलेला असू शकतो. अशा वेळी आकडा उणे ७८ च्या आसपास थांबतो. इंटरनेट चालू होतं, वेगाची एक चाचणीही निभावते, माणूस निघून जातो. संध्याकाळी गर्दी वाढली, की लिंक तुटायला लागते. अपेक्षित आकडा माहीत असेल, तर १५-१७ डेसिबलची ही तूट लगेच लक्षात येते.

त्यामुळे पद्धत अशी: उभा कोन तात्पुरता कसून ठेवायचा. डिश खुणेच्या दोन्ही बाजूंना निदान ३० अंशांपर्यंत सावकाश फिरवायची, दर दोन-तीन अंशांवर थांबून चार-पाच सेकंद आकडा स्थिर होऊ द्यायचा आणि सर्वांत चांगली जागा शोधायची. मग त्या शिखरापासून डावीकडे आकडा तीनने कुठे पडतो आणि उजवीकडे कुठे पडतो, हे पाइपवर खडूने मार्क करायचं आणि डिश या दोन खुणांच्या बरोबर मध्ये ठेवायची. शिखराजवळ आकडा फारसा बदलत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेने मध्य सापडत नाही. उतारावरून तो नेमका सापडतो. यानंतर हेच उभ्या कोनासाठी करायचं. शेवटी नट आलटून-पालटून थोडे थोडे कसायचे आणि कसताना आकड्यावर नजर ठेवायची, कारण शेवटच्या पिळात डिश दोन अंश हलणं नेहमीचं आहे.

बहुतेक अँटेनांमध्ये दोन वाहिन्या असतात, एक उभ्या ध्रुवणाची आणि एक आडव्या. दोन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक उणे ६१ आणि दुसरा उणे ७० असेल, तर डिश तिरकी बसली आहे, वाटेत अडथळा आहे किंवा उपकरणात दोष आहे, असं समजावं.

केबल किती लांब चालते?

याचं उत्तर केबलमधून काय वाहतं, यावर अवलंबून आहे.

काही घरांत राउटर खोलीत असतो आणि गच्चीवर फक्त अँटेना असतो. ४जी राउटरला बाहेरचा अँटेना जोडणारे संच असेच असतात. इथे दोघांमधल्या कोॲक्सियल केबलमधून थेट रेडिओ सिग्नल वाहतो आणि तो वाटेत झपाट्याने झिजतो. २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास बारीक आरजी-५८ प्रकारच्या केबलमध्ये मीटरमागे सुमारे एक डेसिबल जातो. दहा मीटर केबल टाकली, की गच्चीवर पकडलेल्या सिग्नलपैकी नऊ दशांश भाग खोलीत पोहोचण्याआधीच संपतो. जाड, कमी झीज असलेल्या केबलमध्येही दहा मीटरमागे सुमारे ४० टक्के जातोच. म्हणून इथे नियम एकच: केबल शक्य तितकी आखूड ठेवा.

आपल्या उदाहरणातल्या यंत्रणेत रेडिओ डिशच्या मागेच बसवलेला असतो. खाली येते ती इथरनेट केबल. तिच्यातून डिजिटल डेटा वाहतो, त्यामुळे १०० मीटरच्या मर्यादेपर्यंत वेग कमी होत नाही. मात्र याच केबलमधून रेडिओला वीजही जाते. ती खोलीतल्या लहान ॲडॉप्टरमधून, बहुतेक वेळा २४ व्होल्टवर, चढवली जाते. आणि वीज मात्र अंतराबरोबर घटते.

आपल्या घराची केबल मोजू. पाइपवरून खाली ३ मीटर, गच्चीवरून कठड्यापर्यंत ५, भिंतीवरून खाली ६, घरात ८ आणि वळसे-शिल्लक मिळून ३. एकूण २५ मीटर. ८ वॉटचा रेडिओ धरला, तर चांगल्या तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या अंतरावर ०.७ व्होल्ट कमी होतात. काहीच अडचण नाही. हीच केबल ९० मीटर असेल, तर घट २.६ व्होल्ट होते.

अडचण येते ती स्वस्त केबलमुळे. बाजारात सीसीए नावाने मिळणाऱ्या केबलमधली तार ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा फक्त मुलामा असतो. तिचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून अधिक असतो. ९० मीटरला चार व्होल्टपेक्षा जास्त घट होते आणि रेडिओला २० व्होल्टही मिळणं मुश्कील होतं. लक्षण ठरावीक असतं: रात्री कुणी वापरत नसताना सगळं ठीक, पण व्हिडिओ सुरू केला की रेडिओची वीज लागण्याची पातळी वाढते आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सेटिंगच्या पानावर ‘अपटाइम’ चार-पाच मिनिटांच्या पुढे जात नसेल, तर सिग्नलआधी केबल तपासावी. टोक चाकूने खरवडून पाहिलं, की आतला चंदेरी रंग सत्य सांगतो.

गच्चीवर घरात वापरायची राखाडी केबलही टाकू नये. उन्हाने तिचं आवरण दोन-तीन वर्षांत तडकतं आणि पाणी आत शिरतं. काळ्या आवरणाची, बाहेर वापरायची, धातूचं कवच असलेली केबल घ्यावी. भिंतीच्या भोकातून आत नेण्यापूर्वी तिला खाली लोंबणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी टपकून जातं, केबलवरून ओघळत खोलीत येत नाही.

विजेपासून वाचवणारं अर्थिंग म्हणजे काय?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. पहिला म्हणजे, पाइपला अर्थिंग केलं की वीज ओढली जाते. तसं होत नाही. वीज कुठे पडेल हे मुख्यतः उंची आणि परिसर ठरवतो. अर्थिंग फक्त ती पडल्यावर कुठल्या वाटेने जमिनीत जाईल, हे ठरवतं. वाट दिली नाही, तर ती इथरनेट केबलमधून खोलीत येते.

दुसरा गैरसमज अधिक धोक्याचा आहे: गच्चीवरच्या पाइपसाठी अंगणात वेगळी सळई ठोकली, की काम झालं. हे अपुरं का आहे, ते आकड्यांतून पाहू. विजेच्या एका सामान्य कडाक्यात सुमारे ३०,००० अँपिअर प्रवाह असतो. सळईचा जमिनीशी असलेला रोध चांगल्यापैकी, म्हणजे १० ओहम आहे, असं धरू. दोहोंचा गुणाकार होतो ३ लाख व्होल्ट. क्षणभरासाठी पाइप आणि त्याला जोडलेली केबल एवढ्या दाबावर जातात. खोलीतला ॲडॉप्टर मात्र घराच्या मीटरपाशी असलेल्या दुसऱ्या अर्थिंगला जोडलेला असतो आणि ते शून्याच्या आसपास असतं. हा ३ लाखांचा फरक मग ॲडॉप्टरमधून, राउटरमधून किंवा त्याला हात लावलेल्या माणसातून भरून निघतो.

विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. घराचंही तसंच करायचं असतं. अँटेनाचं अर्थिंग आणि घराचं मुख्य अर्थिंग जमिनीलगत जाड वाहकाने एकमेकांना जोडायचं. मग दाब चढला तरी सगळ्या वस्तूंचा एकत्र चढतो आणि त्यांच्यातला फरक कमी राहतो. दोन खड्डे असायला हरकत नाही, ते एकमेकांपासून तुटक असायला हरकत आहे.

वाहकाचा आकारही महत्त्वाचा आहे. अँटेनाच्या खांबासाठी आंतरराष्ट्रीय मानक किमान १६ चौरस मिलिमीटर तांबं किंवा ५० चौरस मिलिमीटर पोलाद सांगतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी ७५ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे पुरेशी आहे. घरच्या वायरिंगची हिरवी तार नाही. पट्टी पाइपच्या तळापासून घराच्या बाहेरून, सरळ आणि कमीत कमी वळणांनी खाली न्यायची. विजेचा प्रवाह इतक्या झटक्यात वाढतो, की सरळ वाहकाच्या दर मीटरमागेही सुमारे १०,००० व्होल्ट उभे राहू शकतात. काटकोनातलं वळण किंवा गुंडाळी आली, की प्रवाह पट्टी सोडून जवळच्या खिडकीच्या ग्रिलवर उडी मारतो. तांब्याची तार थेट जीआयला पिळून जोडू नये. ओलाव्यात तो सांधा गंजतो आणि दोन पावसाळ्यांत नावापुरता उरतो.

दख्खनच्या पठारावर आणखी एक अडचण येते. दोन फुटांखाली काळा पाषाण लागतो आणि सळई पुढे जातच नाही. अशा ठिकाणी उभ्या सळईचा हट्ट सोडून अर्धा मीटर खोल लांब चर खणून पट्टी आडवी पुरणं जास्त उपयोगाचं ठरतं, शक्यतो ओल टिकणाऱ्या बाजूला. रोध किती आला, हे इलेक्ट्रिशियनने अर्थ टेस्टरने मोजून सांगावं. मीटरपाशी अर्थिंग आहे, हे गृहीत धरू नये. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटची तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते.

शेवटचा भाग सर्ज प्रोटेक्टरचा. दूर पडलेली वीजही केबलमध्ये व्होल्टेजचा झटका निर्माण करते आणि राउटर जळण्याच्या घटना बहुतांशी अशाच झटक्यांमुळे होतात. केबल घरात शिरते तिथे इथरनेटचा सर्ज प्रोटेक्टर बसवायचा आणि त्याची अर्थ तार शक्यतो एक मीटरच्या आत त्याच पट्टीला जोडायची. अर्थ तार न जोडलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसता जोडाचा डबा. आणि जोडलेला असला, तरी घरावर थेट पडलेल्या विजेपुढे तो टिकत नाही. त्यासाठी एकच खात्रीचा उपाय आहे: गडगडाट जवळ येण्याआधी ॲडॉप्टरचा प्लग आणि राउटरला येणारी केबल, दोन्ही काढून ठेवणं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. वीज कडाडायला लागल्यावर मात्र केबलला हात लावायचा नाही.

माणूस निघण्यापूर्वी काय तपासावं?

पाइप उभा करताना तो आडवा पडला तरी वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला लागणार नाही, एवढं अंतर कामाच्या आधीच बघायचं. काम झाल्यावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात:

- दोन्ही वाहिन्यांचा सिग्नल किती आहे आणि अंतरावरून काढलेला अपेक्षित आकडा किती होता
- केबलचं नाव आणि एकूण लांबी
- अर्थिंगचा मोजलेला रोध
- अँटेनाची पट्टी घराच्या मुख्य अर्थिंगला नेमकी कुठे जोडली आहे

यातला पहिला आकडा जुलैच्या अखेरीस पुन्हा बघायचा. उणे ६२ चा उणे ६४ झाला असेल, तर काळजी नाही. उणे ७५ झाला असेल, तर सेवादाराला ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगण्याऐवजी दोन्ही आकडे आणि सागाच्या रांगेचा फोटो पाठवावा. मग तो राउटर बदलून द्यायला येणार नाही, लांब पाइप घेऊन येईल.